चाळीस शब्दांत खाजन: सारांशलेखनाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यात, जुवारी नदीपासून जवळच असलेल्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. ही हकिकत नववीच्या एका मुलीची आहे. तिला इथे तन्वी म्हणते, खरे नाव वेगळे आहे.

तन्वीचे शिक्षण चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत झाले. पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीतून आणि मराठी फक्त भाषा म्हणून. घरी बोलणे कोकणीत. आमच्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले अशीच आहेत. ती मराठी वाचतात, समजतात, निबंधही बऱ्यापैकी लिहितात. पण मराठी त्यांच्या कानावर येते ती बहुतेक वेळा वर्गात, कीर्तनात किंवा जत्रेच्या नाटकात. घरच्या बोलण्यात मात्र ती फारशी नसते. सारांशाचा प्रश्न आला की हा फरक लगेच दिसतो, कारण तिथे विचारलेले असते 'स्वतःच्या शब्दांत'. आणि या मुलांचे स्वतःचे शब्द असतात कोकणी.

सहामाही परीक्षेसाठी मी एक उतारा लिहिला होता. विषय मुद्दामच जवळचा घेतला, म्हणजे अनोळखी माहितीमुळे कोणी अडू नये. उतारा असा:

'गोव्याच्या नद्या समुद्राला मिळतात तिथे भरतीचे खारे पाणी आत शिरते. या पाण्यापासून सखल जमीन वाचवण्यासाठी आपल्या पूर्वजांनी चिखल, दगड आणि पेंढा वापरून बांध घातले. अशा जमिनीला खाजन म्हणतात. बांधात ठिकठिकाणी मानस बसवलेली असते. तिची लाकडी दारे भरतीच्या वेळी पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीच्या वेळी उघडतात. त्यामुळे खारे पाणी बाहेर राहते आणि पावसाचे जादा पाणी निघून जाते. पावसाळ्यात इथे कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. मानशीजवळ मासे, कोळंबी आणि खेकडेही मिळतात. तिथल्या मासेमारीच्या लिलावातून गावाला थोडे उत्पन्नही होते. पूर्वी बांधांची डागडुजी गावकरी एकत्र येऊन करत असत. आता अनेक ठिकाणी ही जुनी व्यवस्था मोडली आहे. एकदा बांध फुटला, की खारे पाणी शेतात साचते आणि जमीन कित्येक वर्षे नापीक होते. म्हणून खाजन टिकवायचे असेल, तर बांधांची काळजी घेणे ही सर्व गावाची जबाबदारी आहे.'

शब्द बरोबर १२०. प्रश्न: 'वरील उताऱ्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत ४० शब्दांत लिहा.' गुण ५. सारांश मूळ उताऱ्याच्या साधारण एक तृतीयांश असावा, हा नेहमीचा हिशेब.

अडचण

तन्वीचे उत्तर असे होते:

'गोव्याच्या नद्या समुद्राला मिळतात तिथे भरतीचे खारे पाणी आत येते. या पाण्यापासून खोल जमीन राखण्यासाठी आपल्या पूर्वजांनी माती, दगड व गवत वापरून धरण बांधले. त्याला खाजन म्हणतात. धरणात जागोजागी मानस असते. तिचे लाकडी दरवाजे भरतीवेळी स्वतःहून बंद होतात.'

मी दीड गुण दिला. पेपर हातात पडल्यावर ती स्टाफरूमच्या दाराशी आली. 'टीचर, शब्द अडतीसच आहेत. आणि मी सगळे शब्द बदलले. तरी दीडच?'

मी मोजले, शब्द खरोखर अडतीस होते. 'शिरते'चे 'येते', 'चिखल'ची 'माती', 'पेंढा'चे 'गवत', 'ठिकठिकाणी'चे 'जागोजागी', 'दारे'चे 'दरवाजे' आणि 'आपोआप'चे 'स्वतःहून' झाले होते. मी वर्गात सांगितलेले दोन्ही नियम तिने पाळले होते. मी पुन्हा पुन्हा म्हणत आले होते, 'शब्द बदला, मर्यादा ओलांडू नका.' तिने नेमके तेच केले होते.

तरी हा सारांश नव्हता. उताऱ्यात तेरा वाक्ये आहेत आणि ती पाचव्या वाक्याच्या अर्ध्यावर संपली. बांधांची आजची अवस्था आणि गावाची जबाबदारी, ज्यासाठी उतारा लिहिला, तिथपर्यंत ती पोहोचलीच नाही. दुसरे म्हणजे, प्रतिशब्दांनी अर्थ बिघडवला. बांधाचे धरण झाले. धरण नदी अडवून पाणी साठवते, खाजनाचा बांध पाणी बाहेर ठेवतो. म्हणजे अर्थ अगदी उलटा. 'सखल'साठी 'खोल' लिहिल्याने जमीन खड्ड्यात गेली. 'अशा जमिनीला खाजन म्हणतात' या वाक्यातली 'अशा जमिनीला' जाऊन 'त्याला' आले, तेव्हा खाजन म्हणजे जमीन न राहता धरणच खाजन झाले. जुवारीकाठी वाढलेल्या मुलीला बांध आणि धरण यांतला फरक ठाऊक नव्हता, असे मुळीच नाही. शब्द बदलायचाच आहे म्हटल्यावर हाताला लागला तो शब्द तिने घेतला.

कोणते मार्ग होते

तिच्याशी बोलून झाल्यावर माझ्यासमोर तीन वाटा होत्या.

पहिली वाट आम्ही शिक्षक सर्रास वापरतो ती: उताऱ्यातले महत्त्वाचे शब्द अधोरेखित करायचे आणि ते जोडून वाक्ये करायची. दुसरी, आधी मोकळेपणाने कच्चा सारांश लिहायचा आणि मग मर्यादेपर्यंत छाटायचा. तिसरी वाट मी आधी कधी वापरली नव्हती: उतारा झाकून ठेवायचा, तो कोणाला तरी तोंडी सांगायचा आणि मग सांगितलेले लिहायचे.

तिसरी सोडून मी पहिली निवडली, कारण ती ओळखीची होती आणि परीक्षेत वेळ कमी लागतो. दुसरी मी मनातच बाजूला ठेवली. कच्च्या मसुद्याला दहा मिनिटे जातात, आणि छाटताना मुले शेवटूनच छाटतात, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे. शेवटी तर बहुतेकदा लेखकाचे म्हणणे असते.

पहिला प्रयत्न

तोच उतारा तिला पुन्हा दिला. पेन्सिल हातात घेऊन तिने रेघा मारायला सुरुवात केली. पाच मिनिटांनी बघितले तर उताऱ्यात रेघ नसलेली जागाच शोधावी लागत होती. 'सगळंच महत्त्वाचं वाटतंय, टीचर,' ती म्हणाली. मग मी 'फक्त प्रत्येक वाक्यातले दोन-तीन शब्द' असे बंधन घातले. त्यातून हे आले:

'भरतीचे खारे पाणी. पूर्वजांनी बांध घातले. खाजन जमीन. मानस, लाकडी दारे, आपोआप मिटतात. कोरगुट भात, मासे, कोळंबी, खेकडे. पूर्वी गावकरी डागडुजी. आता व्यवस्था मोडली. बांध फुटला तर जमीन नापीक. बांधांची काळजी गावाची जबाबदारी.'

तेहतीस शब्द. या वेळी उताऱ्याच्या टोकापर्यंत ती पोहोचली आणि धरणही गेले. पण हे वाचताना कशामुळे काय झाले ते कुठेच कळत नाही. बांध का घातले, मानस मिटल्याने काय होते, व्यवस्था मोडण्याचा आणि बांध फुटण्याचा संबंध काय, हे जोडणारे 'म्हणून', 'त्यामुळे', 'की' सगळे गळाले. शिवाय शब्द जवळजवळ सगळे उताऱ्यातलेच. आणि खेकडा, कोळंबी, लाकूड यांना जबाबदारीइतकीच जागा मिळाली, कारण प्रत्येक वाक्यातून काहीतरी उचलायचे होते. लहान वाक्य आणि मोठे वाक्य, उदाहरण आणि निष्कर्ष, सगळ्यांना सारखाच वाटा. हे माझ्याच नियमाचे फळ होते.

इथे मी थांबले. माझ्या लक्षात आले की उतारा डोळ्यांसमोर उघडा आहे तोवर ती त्यातले शब्द उचलणार किंवा त्यांना प्रतिशब्द शोधणार. तिसरे काही होणे कठीण होते.

कोकणीतून सांगणे

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला पुन्हा बोलावले. उतारा दोनदा वाचायला लावला आणि कागद उलटा ठेवला. म्हटले, 'आता हे मला कोकणीतून सांग. घरी सांगशील तसं.'

ती क्षणभर घुटमळली. मराठीच्या तासाला कोकणी बोलू नये, हा आमच्या शाळेचा जुना दंडक. मग म्हणाली: 'दर्याचें खारें उदक शेतांत येवचें न्हय म्हूण बांद घाल्ले. मानस उदक आडायता आनी सोडटा. आतां बांद कोणूच पळयना. तो फुटलो जाल्यार शेत पाड जाता.'

चार वाक्ये. पेंढा नाही, लाकडी दारे नाहीत, कोरगुट नाही, खेकडे नाहीत. काय महत्त्वाचे, असे मी विचारलेच नव्हते. तरी निवड आपोआप झाली होती. आदल्या दिवशी रेघा मारताना जी सगळे महत्त्वाचे म्हणत होती तिने, बोलायची वेळ आली तेव्हा, तीन चतुर्थांश उतारा स्वतःहून बाजूला ठेवला. आणि कारण-परिणाम जागेवर होते. 'येवचें न्हय म्हूण', 'फुटलो जाल्यार'. जे अव्यय रेघांच्या वेळी गळाले होते, ते बोलण्यात एकही सुटले नाही.

मी दोनच प्रश्न विचारले. 'पयलीं कोण पळयतालो?' ती म्हणाली, 'गांवचे लोक. सगळे मेळून.' आणि, 'शेतांत कितें मेळटा?' 'भात. आनी नुस्तें.' झाले. मग कागद उलटाच ठेवून तिला मराठीत लिहायला सांगितले, शब्द न मोजता.

'समुद्राचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून पूर्वजांनी बांद घातले. त्या बांदाला मानस असते. मानस भरतीच्या वेळी पाणी अडवते आणि ओहोटीच्या वेळी पाणी सोडते. म्हणून तिथे भाताचे पीक होते आणि मासेही मिळतात. पूर्वी सगळे गावकरी मिळून बांदाची दुरुस्ती करत होते. आता कोणीच दुरुस्ती करत नाही. बांद फुटला तर शेत पाड होते.'

एक्कावन्न शब्द. मला खूप आनंद झाला. हे तिचे होते. एकही वाक्य उताऱ्यातून उचललेले नव्हते आणि एकही प्रतिशब्द शोधून बसवलेला नव्हता.

पण कोकणीची वाट धरली की सोबत काय येते, तेही या मजकुरात दिसते. 'बांध'चा 'बांद' झाला, कारण कोकणीत तो तसाच उच्चारला जातो. 'पाड होते', म्हणजे खराब होते, हे कोकणीतून थेट आले. मराठी वाचणाऱ्याला ते अडखळवते. 'उदक' मात्र तिने आठवणीने 'पाणी' केले होते. याहून मोठी चूक दुसरीकडे होती. 'खाजन' हा शब्दच नाही. आम्ही दोघी खाजनाविषयीच बोलत होतो, म्हणून तिला तो उच्चारायची गरजच पडली नव्हती. तोंडी सांगताना ऐकणाऱ्याला जे ठाऊक असते ते आपण गाळतो. परीक्षकासाठी ते गाळून चालत नाही. शिवाय उताऱ्यात 'अनेक ठिकाणी' व्यवस्था मोडली आहे, 'कोणीच' दुरुस्ती करत नाही असे नाही. आणि शेवटचे वाक्य, गावाची जबाबदारी, अजूनही नव्हते.

एक्कावन्नाचे चाळीस

आता अकरा शब्द कमी करायचे होते, आणि वर निष्कर्षासाठी जागाही काढायची होती. इथे मी उतारा पुन्हा सरळ केला, पण फक्त पडताळण्यासाठी: काही चुकीचे सांगितले का, काही मोठे सुटले का. शब्द तिच्याच मसुद्यातून छाटायचे, असे ठरवले.

मराठीत शब्द मोजताना एक सोय आहे. शब्दयोगी अव्यय आणि प्रत्यय आधीच्या शब्दाला जोडून लिहितात, म्हणून 'बांधातील' हा एक शब्द आणि 'बांधाच्या आत असलेली' हे तीन. 'फुटला तर' दोन, 'फुटल्यास' एक. ही व्याकरणाने दिलेली सवलत आहे. पण 'खारेपाणी' असे दोन शब्द नुसतेच चिकटवून एक मोजणे मी मान्य करत नाही, आणि वर्गातल्या एका मुलाने तसे केले होते तेव्हा मी दोनच मोजले.

आम्ही एकेक वाक्य घेतले. मानशीची दोन वाक्ये मिळून चौदा शब्द होते: 'त्या बांदाला मानस असते' आणि 'मानस भरतीच्या वेळी…' पहिल्या वाक्याचे काम 'बांधातील' हा एकच शब्द करतो. 'भरतीच्या वेळी' आणि 'ओहोटीच्या वेळी' यांऐवजी कोणते पाणी अडते आणि कोणते सुटते ते सांगितले, तर वेळ सांगावी लागत नाही. 'बांधातील मानस खारे पाणी रोखते, पावसाचे बाहेर सोडते.' आठ शब्द. सहा वाचले, आणि खरे तर उताऱ्याच्या अधिक जवळ गेलो.

भात आणि माशांचे वाक्य आठ शब्दांचे होते, ते 'त्यामुळे भात व मासळी मिळते' असे पाचात बसले. उताऱ्यातला लिलाव तिच्या मसुद्यात नव्हताच. तो घालावा का, यावर आम्ही थोडे थांबलो. तन्वीला तो घालावासा वाटत होता, कारण तिच्या काकांनी एका वर्षी मानशीचा लिलाव घेतला होता. मी विचारले, 'तो नसला तर शेवटच्या वाक्याला धक्का लागतो का?' लागत नव्हता. नाही घातला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो डागडुजीच्या दोन वाक्यांवर. 'पूर्वी सगळे गावकरी मिळून बांदाची दुरुस्ती करत होते. आता कोणीच दुरुस्ती करत नाही.' तेरा शब्द. तिने सुचवले, 'गावकऱ्यांची सामूहिक दुरुस्ती आज अनेक ठिकाणी थांबली आहे.' शब्द कमी झाले, पण 'गावकऱ्यांची दुरुस्ती' म्हणजे गावकऱ्यांनी केलेली की गावकऱ्यांचीच, हे लटकत राहिले. 'बांधाची सामूहिक दुरुस्ती' केल्यावर प्रश्न मिटला. आणि मग तिच्याच लक्षात आले: 'टीचर, पूर्वी लिहायला नको. थांबली म्हटलं म्हणजे आधी होत होती, असं कळतंच.' या एका क्रियापदाने अख्खे वाक्य वाचवले. मला वाटते, सारांश म्हणजे काय हे तिला याच ठिकाणी समजले.

शेवटच्या वाक्यात दोन निर्णय होते. 'नापीक' उताऱ्यातला शब्द, म्हणून तिने 'पडीक' लिहिला. पडीक म्हणजे न कसलेली जमीन. चांगली जमीनही पडीक असू शकते. खारे पाणी साचून जे होते त्याला नापीकच म्हणायला हवे. मी तिला तो शब्द परत घ्यायला लावला. खाजन, मानस, बांध, नापीक हे शब्द उताऱ्यात आहेत म्हणून टाळायचे नाहीत. त्यांना दुसरा नेमका शब्दच नाही. 'स्वतःचे शब्द' म्हणजे वाक्याची मांडणी आपली. दुसरा निर्णय एका अक्षराचा होता. तिने लिहिले, 'म्हणून गावानेच तो सांभाळावा.' त्या 'च'मुळे इतर कोणाची जबाबदारी नाही, असा अर्थ येतो. उताऱ्यात तसे नाही. शब्दमोजणीत 'च' दिसत नाही, पण मत घुसवतो. तो काढला.

शेवटी हे झाले:

'भरतीचे पाणी बांधाने अडवून शेतीखाली आणलेली जमीन म्हणजे खाजन. बांधातील मानस खारे पाणी रोखते, पावसाचे बाहेर सोडते. त्यामुळे भात व मासळी मिळते. बांधाची सामूहिक दुरुस्ती आज अनेक ठिकाणी थांबली आहे. बांध फुटल्यास जमीन वर्षानुवर्षे नापीक राहते, म्हणून गावाने तो सांभाळावा.'

चाळीस. पहिल्या वाक्यात एक, मानशीत सहा, भातात तीन, दुरुस्तीत पाच, असे पंधरा शब्द वाचले आणि त्यांतले चार निष्कर्षावर खर्च केले. तिने हा हिशेब वहीच्या समासात घरखर्च मांडावा तसा मांडला होता.

परीक्षेत सगळे शब्द पुन्हा पुन्हा मोजायला वेळ नसतो, म्हणून एक साधी सवय लावली. उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर कच्चे लिहिताना एका ओळीत आठच शब्द लिहायचे. पाच ओळी भरल्या की चाळीस. कोणत्या मुद्द्याने किती ओळ खाल्ली तेही नजरेला दिसते. पहिलाच मुद्दा तिसऱ्या ओळीत गेला, तर शेवटी जागा उरणार नाही, हे लिहितानाच कळते. वाचायला चार मिनिटे, मनात सांगायला दोन, कच्च्याला चार आणि पक्क्याला दोन, अशी बारा मिनिटे आम्ही ठरवली. परीक्षेत मोठ्याने बोलता येत नाही. तिने ओठ न हलवता सांगण्याचा सराव केला.

निकाल

वार्षिक परीक्षेचा उतारा माझ्या सहकाऱ्यांनी निवडला होता आणि पेपरही त्यांनीच तपासले. विषय होता वेळेचे नियोजन, मर्यादा ४५ शब्दांची. तन्वीने ४४ शब्द लिहिले. उत्तर उताऱ्याच्या शेवटापर्यंत गेले होते, वाक्ये तिची होती, अर्थाची एकही चूक नव्हती. तिला साडेतीन गुण मिळाले.

दीड गुण गेला तो एका उदाहरणाने. उताऱ्यात एका शेतकऱ्याचा छोटा दाखला होता आणि तिच्या सारांशातले बारा शब्द त्यावर गेले होते. मी उत्तर पाहिले तेव्हा कारण समजले. उतारा झाकून सांगायला घेतला की गोष्ट आधी आठवते. खाजनाच्या उताऱ्यात सांगण्यासारखी गोष्ट आणि मुख्य मुद्दा एकच होते, म्हणून निवड बरोबर झाली. वैचारिक उताऱ्यात दाखला गोष्टीसारखा असतो आणि मुद्दा कोरडा. तिथे तोंडी सांगण्याची रीत नेमके चुकीचे उचलते. ही या पद्धतीची मर्यादा मला आधी दिसायला हवी होती.

वर्गातल्या आणखी सहा मुलांना मी याच रीतीने बसवले होते. चौघांना चांगला फरक पडला. ज्या दोघांना पडला नाही, त्यांतल्या एका मुलीच्या घरी हिंदी बोलतात आणि तिच्याशी मी कोकणीतूनच बोलत राहिले. दुसऱ्याला मूळ उताराच समजत नव्हता. त्याची अडचण वाचनाची होती आणि मी सारांशावर वेळ घालवला.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यात आधी, 'शब्द बदला' ही सूचना मी द्यायला नको होती. तन्वीचे धरण त्याच सूचनेतून आले. आता मी म्हणते, 'वाक्य तुझे असू दे, नेमके शब्द राहू देत.' कोणते शब्द नेमके, हे उतारा वाचताना वर्गात मिळून ठरवतो: विशेषनामे, शेतीची आणि कामधंद्याची नावे आणि ज्यांना बदली शब्द सापडत नाही ते.

दीड गुण देताना मी कोणताही ठरलेला हिशेब वापरला नव्हता, अंदाजाने दिला होता. म्हणूनच ती दाराशी आली तेव्हा माझ्याकडे सरळ उत्तर नव्हते. त्यानंतर वाटणी केली: मुद्द्यांना दोन, अर्थ बरोबर असण्याला एक, जोडलेल्या वाक्यांना एक, मर्यादेला एक. या वाटणीने पाहिले तर तिच्या पहिल्या उत्तराला मर्यादेचा पूर्ण एक आणि मुद्द्यांचा अर्धा मिळतो, म्हणजे तोच दीड. पण वाटणी आधी फळ्यावर लिहिली असती, तर मर्यादा हा पाचांतला एकच गुण आहे हे तिला परीक्षेआधी कळले असते.

तिसरे, तिने उतारा मलाच सांगितला, हे चुकले. मला सगळे ठाऊक होते, म्हणून तिने 'खाजन' गाळले. सत्तरीतून आलेला एक मुलगा आमच्या वर्गात आहे. त्याच्या डोंगराळ भागात खाजन नाही, त्याने मानस पाहिलेली नाही. तिने त्याला सांगितले असते, तर पहिल्याच वाक्यात त्याने विचारले असते, 'खाजन म्हणजे कितें?' यंदापासून मी जोड्या तशाच लावते: उतारा ज्याच्या ओळखीचा, त्याने तो ज्याच्या ओळखीचा नाही त्याला सांगायचा.

वैचारिक उताऱ्यासाठी सध्या एक भर घालून पाहते आहे. सांगून झाले की ऐकणाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा: 'मागीर कितें?' म्हणजे, बरे, मग त्याचे काय? शेतकऱ्याची गोष्ट सांगून झाल्यावर या प्रश्नाला जे उत्तर येते, तो मुद्दा. आणि सारांशाची पहिली ओळ तिथून सुरू करायची. गेल्या आठवड्यात तन्वीने वार्षिक परीक्षेचाच उतारा या रीतीने पुन्हा लिहिला. शेतकरी या वेळी चार शब्दांत आटोपला.